व्हेरियन्सची गणितं जुन्या चार रकान्यांतच मांडावीत का?

ऋतुजा_इंटर: सीएमए इंटरच्या जुन्या सोडवलेल्या पेपरांत मटेरियल व्हेरियन्स चार रकान्यांत असतो: एसक्यूएसपी, आरएसक्यूएसपी, एक्यूएसपी, एक्यूएपी. आमचे सर म्हणतात, सूत्रं लिहा. कुठली मांडणी धरू?

खातेवही: रकानेच. शेजारच्या दोन रकान्यांतला फरक म्हणजे ओळीने यील्ड, मिक्स, प्राइस. तिन्हींची बेरीज पहिल्या आणि चौथ्यातल्या फरकाशी टॅली झाली की उत्तर बरोबर आलं समज.

माधुरीताई: मांडणीबद्दल सहमत, टॅलीबद्दल अजिबात नाही. हे बघा. 90 किलो मालाचं स्टँडर्ड: ए 60 किलो 10 रुपयांनी, बी 40 किलो 20 रुपयांनी. माल निघाला 180 किलो. लागला ए 130 किलो 11 रुपयांनी, बी 80 किलो 19 रुपयांनी. रकाने येतात 2,800, 2,940, 2,900, 2,950. म्हणजे यील्ड 140 अ‍ॅडव्हर्स, मिक्स 40 फेव्हरेबल, प्राइस 50 अ‍ॅडव्हर्स, एकूण 150 अ‍ॅडव्हर्स.

आता पहिल्या रकान्यात 180 ऐवजी 90 किलोचेच 1,400 राहिले तर? यील्ड 1,540 अ‍ॅडव्हर्स, एकूण 1,550, आणि टॅली तरीही चोख! मधले आकडे एकमेकांत उडतात, त्यामुळे पहिला रकाना चुकला तरी बेरीज बोलत नाही. म्हणून रकाने आखण्याआधी ‘प्रत्यक्ष उत्पादनासाठी स्टँडर्ड’ ही वर्किंग नोट लिहायचीच. पेपर तपासताना मी आधी तीच शोधते.

वर्कशॉपवाला: जुनी मांडणी आम्हालाही नडली. आमच्या जॉब कॉस्ट शीटमध्ये ओव्हरहेड मजुरीच्या टक्क्यांत धरायचो. सीएनसी मशीन आलं, मजुरी घटली, शीटमधली ओळ मात्र तीच राहिली. मशीनवर जास्त वेळ खाणारे जॉब कागदावर स्वस्त दिसायला लागले आणि कोटेशनं पडत्या भावाने गेली.

माधुरीताई: दादा, तिचा प्रश्न व्हेरियन्सचा आहे. पण पेपरातल्या जॉबलाही हे लागू आहे: दर मशीन-तासावर दिलाय की मजुरीवर, ते वाचूनच ओळ लिहावी.

सूत्रधार_पुणे: मग खरेदीचं काय करता? वरच्याच गणितात ए 150 किलो घेतला, वापरला 130. प्राइस व्हेरियन्स खरेदीवर मागितला तर ए चा 150 अ‍ॅडव्हर्स, बी चा 80 फेव्हरेबल, मिळून 70 अ‍ॅडव्हर्स. रकाने सांगतात 50. उरलेले 20 रुपये गोदामातल्या 20 किलोंचे, आणि तुमच्या चार रकान्यांत त्यांना जागाच नाही. पोरं 50 लिहून मोकळी होतात.

खातेवही: पाचवा रकाना वाढवायचा, झालं.

माधुरीताई: नको. तो वापराच्या रकान्यांत बसवला की एकूण 150 शी जुळत नाही. खरेदीचा व्हेरियन्स खाली वेगळा काढावा.

सूत्रधार_पुणे: म्हणजे तिथे सूत्रच लिहिणार ना? मग सुरुवातीपासूनच का नको?