मदत हवी आहे: मुलाखतीनंतरचं नकारपत्र कसं लिहू?

आमच्या छोट्या वर्कशॉपसाठी अकाउंटंट हवा होता. शेवटच्या फेरीत चौघं होते, एकीची निवड झाली आणि तिने होकारही कळवलाय. आता उरलेल्या तिघांना कळवायचंय. गप्प बसणं मला पटत नाही, दोन-दोनदा रजा टाकून आलेत बिचारे.

मसुदा असा केलाय:

"नमस्कार, मुलाखतीसाठी दोनदा वेळ काढल्याबद्दल आभार. या पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. जीएसटी रिटर्नच्या कामाची आपली जाण आम्हाला आवडली. मात्र या जागेसाठी टॅलीवर स्टॉकचा हिशेब ठेवण्याचा अनुभव अधिक गरजेचा होता. मार्चच्या सुमारास आणखी एक जागा निघण्याची शक्यता आहे. आपली हरकत नसेल तर तेव्हा संपर्क करू."

जीएसटीचं वाक्य प्रत्येकाला वेगळं लिहिणार आहे. 'आपला बायोडाटा जपून ठेवू' मुद्दाम टाळलं, कारण त्यावर आता कुणाचाच विश्वास नसतो.

अडचण दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची आहे. निवडलेलीचा नोटीस पीरियड महिनाभराचा. ती आयत्या वेळी फिरली तर यालाच विचारावं लागेल. मग त्याला आत्ताच नकार कळवू की थांबू? आणि कारण लिहिलं तर वाद घालतात का लोक? अनुभव असलेल्यांनी सांगा.