मदत हवी आहे: रेसी मॅट्रिक्सच्या एकाच ओळीत दोन ए आलेत, काय करू?

निवांत:
मंडळी, टीमचं रेसी मॅट्रिक्स, म्हणजे कोणत्या कामात कुणाची काय भूमिका याचा तक्ता, बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आर म्हणजे काम करणारा, ए म्हणजे त्या कामाला शेवटी जबाबदार, सी म्हणजे ज्याला आधी विचारायचं, आय म्हणजे ज्याला फक्त कळवायचं. बाकी ओळी पटापट भरल्या पण 'रिलीज' या ओळीवर गाडी अडकलीय, प्रॉडक्ट मॅनेजर म्हणते ए माझा कारण ग्राहकांना उत्तर मी देते, डेव्ह लीड म्हणतो ए माझा कारण रात्री सिस्टिम पडली की फोन मला येतो. दोघांचंही पटतं! सध्या दोघांना ए आणि टेस्टिंग बघणाऱ्या क्यूएला सी देऊन ठेवलंय. चालेल का?

पांथस्थ:
नाही चालणार, ओळीत ए एकच. जो सीनियर त्याला द्या, विषय संपला.

टेस्टरताई:
एकच ए हे बरोबर, पण सीनियरला देऊन टाकलात तर सगळे ए एका डायरेक्टरच्या कॉलममध्ये जमा होतात आणि त्याच्या होकारासाठी सगळी कामं ताटकळतात.
निवांत, तुमची ओळच फार मोठी आहे. 'रिलीज'मध्ये तीन-चार वेगळे निर्णय दडलेत, ते फोडा. रिलीजमध्ये काय जाणार हे ठरवणं, ए प्रॉडक्ट मॅनेजरचा. डिप्लॉय करणं, ए डेव्ह लीडचा, आर ज्या इंजिनियरची पाळी त्याचा. बिघडलं तर रोलबॅक करणं, ए परत डेव्ह लीडचाच, आणि इथे प्रॉडक्ट मॅनेजरला आय द्या, सी नको, कारण सी दिला की आधी तिला विचारावं लागणार, मग रात्री दोनला ती फोन उचलेपर्यंत साइट बंद ठेवणार का?

सातवा_मजला:
आमच्याकडे ए एकच होता तरी बोंब, कारण कुणी नाराज नको म्हणून निम्म्या ऑफिसला सी वाटले आणि प्रत्येक सी स्वतःला मंजुरी देणारा समजायला लागला. बाय द वे कुणाकडे एक्सेलचं तयार टेम्प्लेट आहे का?

निवांत:
@टेस्टरताई फोडल्यावर बरंच सुटलं. उरली एक ओळ, 'आज सोडायचं की थांबायचं'. ए प्रॉडक्ट मॅनेजरला दिला तर क्यूए म्हणते सीला काय अर्थ, मला विचारणार आणि गंभीर बग असला तरी सोडणारच.

टेस्टरताई:
मग रिलीजचे निकष आधीच लिहून ठेवा, अमुक दर्जाचा बग उघडा असेल तर रिलीज नाही. हे निकष ठरवण्याची वेगळी ओळ करा आणि तिथे ए क्यूएला द्या.

पांथस्थ:
म्हणजे मागच्या दाराने क्यूएला व्हेटोच दिलात की! मग प्रॉडक्ट मॅनेजरचा ए नावालाच.

टेस्टरताई:
थोडाफार हो. पण निकष मोडायचेच असतील तर प्रॉडक्ट मॅनेजर मोडू शकते, फक्त स्वतःच्या नावाने लेखी.

पांथस्थ:
लेखी कोण देतंय, डेडलाइनच्या दिवशी!

निवांत:
दोन्ही पर्याय मागच्या वादग्रस्त रिलीजवर चालवून बघतो, त्या दिवशी नक्की कुणी 'थांबा' म्हणू शकलं असतं ते तिघांना समोरासमोर बसवून विचारतो. प्रॉडक्ट मॅनेजर लेखीला तयार होईल असं वाटत नाही, बघू.