मदत हवी आहे: अप्पांची सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरी एन्डोस्कोपी करायचीच का? (सोलापूर)

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, आईवडील सोलापुरात अशोक चौकाजवळ. अप्पांचं वय ६१. उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं, आता घरीच असतात. विडी तरुणपणापासून आहे, दिवसाला एक कट्टा सहज संपतो. जेवणात सुकट किंवा खारा मासा आठवड्यातून तीनचार वेळा, लोणचं रोज, आणि भाजीत मीठ कमी वाटलं की वरून चिमूटभर.

दिवाळीपासून वरच्या पोटात दुखतं, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणून घेतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. चार महिन्यांत वजन ६४ वरून ५७ वर आलंय. फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. आता डॉक्टर एन्डोस्कोपी करा म्हणतात आणि अप्पा ऐकायला तयार नाहीत. "सोनोग्राफीत काय नाही निघालं, मग नळी कशाला घालायची? खारं बंद करतो की," हे त्यांचं म्हणणं.

माझे प्रश्न दोन. एक, सुकट, लोणचं आणि विडी बंद करून दोन महिने वाट बघितली तर चालेल का? दोन, सोनोग्राफी पुरेशी नाही का? आईला भलतीच शंका येतेय, मी तिच्याशी फोनवर फार बोलत नाही.

ताकपिता

अगदी माझीच गोष्ट! मलाही जेवलं की छातीत जळजळ व्हायची. रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, जिरं घातलेलं ताक सुरू केलं, उशी उंच केली. गोळी सुटली. उगाच तपासण्यांच्या मागे लागू नका, या लोकांना नळ्या घालायची हौसच असते.

निशिगंधा

ताकपिता, तुमचं वजन उतरलं होतं का? हिमोग्लोबिन? धागा परत वाचा प्लीज.

अक्कलकोटकर

एन्डोस्कोपी नक्की करा. खारवलेलं आणि धुरावलेलं खाणं हेच पोटाच्या कॅन्सरचं मूळ. जपानमध्ये तर पन्नाशी उलटलेल्या सगळ्यांची दर दोन वर्षांनी करतात. आपल्याकडे सरकार करत नाही म्हणून आपणच चाळिशीनंतर सगळ्यांनी करून घ्यायला पाहिजे. आणि लोणचं आजपासून बंद, घरात बरणीच नको.

पोटोबा

मी याच कामातला, मिरजेत. अठरा-एकोणीस वर्षं रोज दुर्बीण हातात असते. पेशंट न बघता निदान सांगणार नाही, पण विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं स्पष्ट आहेत.

आधी सोनोग्राफी. तिच्यात यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड छान दिसतं. जठर पोकळ, त्यात हवा आणि अन्न, त्यामुळे आतल्या अस्तरावरचा व्रण किंवा छोटी गाठ तिच्यात दिसत नाही. फार मोठं काही असेल तर जठराची भिंत जाड दिसते, तेवढंच. म्हणजे अप्पांच्या रिपोर्टात 'नॉर्मल' लिहिलंय ते इतर अवयवांबद्दल. जठराचा आतला भाग अजून कोणी पाहिलेलाच नाही.

आता दोन महिने थांबायचं का? नको. साठी ओलांडलेला माणूस, प्रयत्न न करता सात किलो उतरलेलं वजन, लवकर पोट भरणं आणि पुरुषात रक्त कमी होणं, यांतलं एकेक असतं तरी मी लवकर बोलावलं असतं. इथे चारही आहेत. याचा अर्थ कॅन्सरच असं नाही, साधा अल्सरही हेच करतो. पण बाहेरून लक्षणांवरून दोन्हींत फरक करता येत नाही.

आणि त्या मेडिकलच्या गोळीबद्दल. ती आम्ल इतकं कमी करते की कॅन्सरचा व्रणसुद्धा काही काळ वरवर भरून येतो, दुखणं थांबतं. बरं वाटतंय म्हणून लोक सहा-आठ महिने काढतात. आमच्याकडे उशिरा येणाऱ्यांत ही कहाणी नेहमीची.

खारं सोडायचं ते चांगलंच आहे, पण त्याचा उपयोग पुढच्या वर्षांसाठी. आत आज काय आहे ते त्याने बदलत नाही आणि कळतही नाही.

दोन गोष्टी विचारतो: शौचाचा रंग काळा होतो का? आणि गुडघ्या-पाठीच्या दुखण्यासाठी काही गोळ्या घेतात का?

पूर्वभागकर

धन्यवाद डॉक्टर. आईला विचारलं. शौचाला काळं होतं, पण लोहाच्या गोळ्यांनी होतं असं दुकानदार म्हणाला. आणि हो, गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, तीही मेडिकलमधूनच, गेली दोन वर्षं तरी.

पोटोबा

लोहाने काळं होतं हे खरं आहे. रक्तस्रावाचं काळं डांबरासारखं चिकट असतं आणि वास वेगळाच येतो. पण यावर घरी बसून निकाल लावू नका. काळं लोहाच्या गोळ्यांच्या आधीपासून होतं का, एवढं आईंना विचारून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. चक्कर आली, घाम फुटला किंवा उलटीत रक्त दिसलं तर मात्र वाट न बघता थेट सिव्हिलच्या तातडीच्या विभागात न्या.

डायक्लोफिनॅकनेही व्रण होतो. ती डॉक्टरांना विचारून लगेच थांबवा, पण 'गोळीमुळेच झालं असणार' असं धरून तपासणी टाळू नका. एकाच माणसात गोळीही असू शकते आणि विडीही.

अक्कलकोटकर, जपानचं तुम्ही म्हणता ते बरोबर. तिथे आधी बेरियमचे फोटो काढत, २०१६ पासून एन्डोस्कोपीही त्यात आली. कोरियात चाळिशीपासूनच आहे. पण त्या देशांत हा आजारच खूप आहे. आपल्या भागात त्यामानाने बराच कमी, त्यामुळे काहीही त्रास नसलेल्या प्रत्येकाला नळी घालण्यात अर्थ नाही. आईवडील किंवा भावंडांत कोणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर गोष्ट वेगळी.

निवृत्त_फौजी

मी ऐझॉलला होतो. मिझोराममध्ये हा आजार देशात सर्वांत जास्त. तिथे चुलीवर धुरावलेलं मांस आणि सुकवलेला खारा मासा घरोघरी, आणि 'तुइबुर' म्हणून तंबाखूच्या धुराचं पाणी तोंडात धरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. आपल्या मंगळवार बाजारातली सुकट त्यापुढे किती खाणार माणूस?

पोटोबा

फौजीसाहेब, मुद्द्याचं बोललात. ताटाच्या कडेला एक फोड लोणचं आणि रोज वाटीभर खारवलेलं खाणं यांत मोठं अंतर आहे. मीठ जठराच्या अस्तराला ओरखडे पाडतं, आणि तिथे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असेल तर त्याचं फावतं. हा जंतू आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच मिळतो आणि तो निमूट राहतो. काहींच्यात मात्र वर्षानुवर्षं दाह, मग अस्तर पातळ होणं, मग त्याचं आतड्यासारखं रूप, असा प्रवास होतो. विडी त्या प्रवासाला हातभार लावते. ओढणाऱ्यांत धोका साधारण दीड ते दोन पट धरतात. अप्पांच्या बाबतीत मला लोणच्याच्या बरणीपेक्षा विडीच्या कट्ट्याची काळजी जास्त वाटते. घरी मात्र भांडण बरणीवरून चाललेलं असतं!

तपासणीबद्दल अप्पांना सांगा: आदल्या रात्री हलकं जेवण, मग सहा ते आठ तास उपाशी. घशाला बधिर करणारा फवारा मारतात, हवं तर गुंगीचं इंजेक्शन देतात, ते दिलं तर सोबत माणूस हवा. आत नळी असते ती पाच-दहा मिनिटं. ढेकर येतात, उबळ येते, श्वास कोंडत नाही. व्रण दिसला तर त्याच्या कडेचे सहा-आठ तुकडे घेतात, ते दुखत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

निशिगंधा

माझ्या सासऱ्यांना गुंगी न देता केली, घरी येऊन वरणभात जेवले. पैशांचा प्रश्न असेल तर सिव्हिलमध्ये चौकशी करा. पुढे काही निघालंच तर बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, मुंबई गाठायची गरज प्रत्येकाला पडत नाही. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

पूर्वभागकर

अपडेट. मामांनी समजूत काढली आणि एन्डोस्कोपी झाली. जठराच्या खालच्या भागात, वळणाजवळ, दीड सेंटीमीटरचा व्रण. सहा तुकडे घेतले. जंतूची पट्टीची चाचणी तिथेच केली, ती निगेटिव्ह. आज बायोप्सी आली: कॅन्सर नाही, जुना दाह, 'इन्टेस्टायनल मेटाप्लेशिया' म्हणजे तुम्ही म्हणालात ते अस्तराचं आतड्यासारखं रूप, आणि जंतू मात्र आहेत! पट्टी नाही म्हणते, बायोप्सी हो म्हणते, हे कसं? आणि डॉक्टर आठ आठवड्यांनी परत एन्डोस्कोपी सांगतात. अप्पा म्हणतात, "काय नाही ना? मग परत का?" घरात पेढे वाटून झालेत.

ताकपिता

बघा, मी म्हणालो होतो काही नसतं.

पोटोबा

ताकपिता, दीड सेंटीमीटरचा व्रण म्हणजे काही नसणं नव्हे. रक्त तिथूनच गेलं असण्याची शक्यता आहे.

पट्टीचं कारण बहुधा ती ॲसिडिटीची गोळी. ती चालू असताना जंतूंची संख्या घटते, ते जागा बदलतात आणि पट्टी फसते. बायोप्सीत प्रत्यक्ष दिसलेत ना, मग तेच खरं धरायचं. औषधांचा कोर्स साधारण १४ दिवसांचा, गोळ्या बऱ्याच, तोंड कडू होतं. मधेच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून ते गेलेत याची खात्री करायची.

परत एन्डोस्कोपी का? तुकडे एखाद्या वेळी नेमक्या जागेचे येत नाहीत. जठराचा व्रण भरला की नाही हे डोळ्यांनी बघावंच लागतं, आणि भरलेला दिसला तरी त्या व्रणाच्या जागेचे तुकडे पुन्हा घ्यावेत. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला व्रण असता तर एवढा आग्रह सहसा धरला नसता. कॅन्सर अस्तरात आणि त्याच्या लगतच्या थरापुरताच असताना सापडला तर जपानमध्ये दहांतले नऊहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात, काहींचा तर पोट न उघडता दुर्बिणीतूनच काढता येतो. तो टप्पा याच दुसऱ्या फेरीत हुकवायचा नसतो.

पूर्वभागकर

दुसरी फेरी पटली, तारीख घेतो. पण एक घोळ आहे. जंतूंच्या खात्रीच्या चाचणीआधी ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे बंद ठेवा असं लॅबवाले म्हणतात, आणि व्रण भरायला ती चालू ठेवा असं चिठ्ठीत आहे. शिवाय डॉक्टर मोठ्या आतड्याची तपासणीही करू म्हणाले, ते ऐकून अप्पा उठून बाहेर गेले.

पोटोबा

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. माझ्या पेशंटला मी आधी व्रण भरलाय हे बघतो, मग गोळी थांबवून जंतूंची चाचणी करतो. पण अप्पांचा क्रम त्यांना तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवावा, लॅबचं आणि चिठ्ठीतलं ही दोन वाक्यं जशीच्या तशी त्यांना दाखवा.

मोठ्या आतड्याबद्दल माझं मत थोडं अडतं. या वयाच्या पुरुषात लोह कमी असेल तर दोन्ही बाजू बघायच्या हा नियम. व्रण सापडल्यावर काहीजण हिमोग्लोबिन वाढतंय का ते आधी बघतात, काहीजण लगेच करतात. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्तचाचणी, केलंय का? ते आणि महिन्याभरानंतरचं हिमोग्लोबिन इथे टाका. आणि विडी किती राहिलीय तेही.

पूर्वभागकर

फेरिटिन ७. विडी निम्म्यावर आली असं अप्पा सांगतात. आई म्हणते, गच्चीवर जाऊन ओढतात.