मदत हवी आहे : 'आय डोन्ट हॅव नो टाइम' चूक म्हणे, नेमकं काय बदलू?

उशीरलतीफ
आमच्या गटात इंग्रजीत लिहावं लागतं. आज एकाने सगळ्यांसमोर सुनावलं की माझ्या लिहिण्यात डबल निगेटिव्ह असतात, आणि पुरावा म्हणून माझंच वाक्य परत टाकलं : 'आय डोन्ट हॅव नो टाइम'. अर्थ कळला होता ना त्याला? मग? असो. याच मजकुरात अजून दोन वाक्यं तशीच आहेत म्हणे. अर्ध्या तासात दुरुस्त करून पाठवायचंय. व्याकरणाचा तास नको, युक्ती सांगा.

खडूफळा
ती दोन वाक्यं कुठली?

सरळमार्ग
वाक्यं कशाला हवीत? 'नो' दिसला की 'एनी' करायचं. 'नथिंग'चं 'एनिथिंग', 'नोबडी'चं 'एनीबडी'. 'आय डोन्ट हॅव एनी टाइम'. झालं. मी कित्येक वर्षं हेच करतोय, कुणी बोट दाखवलं नाही.

बेरीजवजा
वजा गुणिले वजा अधिक. 'वेळ नाही असं नाही' असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे वेळ आहे. आता या कामाला!

पिंपळपान
हे गणित मला कधीच पटलेलं नाही. 'आय डोन्ट हॅव नो टाइम' वाचून 'याच्याकडे वेळ आहे' असं जगात कुणालाही वाटत नाही. तीन नकार आले तर काय, पुन्हा नकार होतो? चॉसरच्या काळात, १४व्या शतकात, इंग्रजीत नकारावर नकार सर्रास रचायचे. स्पॅनिशमध्ये आजही तीच शुद्ध पद्धत आहे. इंग्रजीच्या काही बोलींतही ती नियमाने चालते. आजच्या प्रमाण लेखनात चालत नाही, एवढंच. अक्कल काढण्यासारखं त्यात काही नाही.

खडूफळा
पटलं. पण लतीफरावांची अडचण वेगळी दिसते. ते कुठली बोली लिहीत नाहीयेत, मराठी वाक्य इंग्रजीत उतरवतायत. लतीफराव, वाक्यं?

निवांतक्षण
वेळ नसण्याचं मूळ कारण म्हणजे आपण सगळ्यांना होकार देत बसतो. सकाळी उठल्यावर दिवसभराची तीनच कामं कागदावर लिहायची. मला फार फरक पडला.

उशीरलतीफ
@निवांतक्षण वेळेबद्दल नाही विचारलं हो.
सरळमार्ग यांचं ऐकून दुसरं वाक्य बदललं आणि टाकलं. आधी होतं 'नोबडी डिडन्ट टेल मी नथिंग'. आता 'एनीबडी डिडन्ट टेल मी एनिथिंग' केलं. तोच माणूस म्हणतो, हे आधीपेक्षा वाईट झालं!! तिसरं वाक्य 'प्लीज डोन्ट स्टार्ट अन्टिल आय डोन्ट कम'. यात 'नो' कुठेच नाही, मग काय बदलायचं?

खडूफळा
हे पहिल्याच वेळी टाकलं असतंत तर दहा मिनिटं वाचली असती.

'कुणीच मला काही सांगितलं नाही' हे वाक्य घ्या. यात नकार एकच आहे, शेवटचा 'नाही'. 'कुणीच' आणि 'काही' त्याच्या जिवावर उभे आहेत. पण आपण डोक्यात 'कुणीच' म्हणजे 'नोबडी' अशी जोडी लावून ठेवलेली असते, आणि 'नाही'साठी 'डिडन्ट' येतोच. मग एका नकाराचे दोन-तीन होतात. मराठीत शेवटचा 'नाही' मागच्या सगळ्यांना सांभाळून घेतो. इंग्रजीत उलटं आहे : नकार आधी यावा लागतो, मग त्याच्यापुढे 'एनी' बसतो.

म्हणून डावीकडून वाचत जा. पहिला नकार ठेवा, त्याच वाक्यातले पुढचे काढा. 'डोन्ट हॅव नो टाइम'मध्ये 'डोन्ट' आधी आहे, म्हणून 'नो'चा 'एनी'. 'नोबडी' पहिला असेल तर तो ठेवायचा, 'डिडन्ट' उडवायचा आणि 'नथिंग'चं 'एनिथिंग' करायचं. 'डिडन्ट' गेला की क्रियापदाने भूतकाळ स्वतः दाखवायचा, 'टेल'चं 'टोल्ड'. झालं 'नोबडी टोल्ड मी एनिथिंग'. तुमच्या दुरुस्तीत 'एनीबडी' नकाराच्या आधीच येऊन बसला, त्याला आधार उरला नाही. म्हणून ते कानाला इतकं खटकतं.

सरळमार्ग
म्हणजे माझी युक्ती पहिल्या वाक्याला बरोबरच होती.

खडूफळा
पहिल्या वाक्याला बरोबर. कर्ताच 'नोबडी' असेल तिथे आपटते.

पिंपळपान
पहिल्याला दुसरा रस्ताही आहे : 'डोन्ट' काढायचा, 'नो' ठेवायचा. 'आय हॅव नो टाइम'. शुद्ध आहे, पण जरा तुटक लागतं, दार लावून घेतल्यासारखं. मित्रांच्या गटात 'डोन्ट हॅव एनी टाइम' बरं.

सरळमार्ग
तुटक वगैरे काही नाही. लहान वाक्य केव्हाही चांगलं.

अर्धीओळ
माझीही फजिती सांगते. मी एकदा लिहिलं होतं, 'आय कान्ट हार्डली हिअर यू'. 'नो' नाही, 'नथिंग' नाही, तरी लाल रेघ! नंतर कळलं, 'हार्डली'च्या पोटातच नकार असतो. 'आय कॅन हार्डली हिअर यू' पुरे. 'बेअरली'चंही तसंच. तेव्हापासून दोन्ही शब्द टाळतेच मी.

उशीरलतीफ
आणि 'अन्टिल'? वीस मिनिटं उरली.

खडूफळा
अर्धीओळ यांच्या 'हार्डली'सारखंच आहे, दोष चोरून बसलाय. 'मी येत नाही तोपर्यंत सुरू करू नका' असं आपण म्हणतो. दोन नकार, आणि मराठीत ते अगदी बरोबर. पण त्या 'येत नाही'चं काम इंग्रजीत 'अन्टिल' एकटा करतो. म्हणून त्याच्या पुढचा 'डोन्ट' काढायचा : 'प्लीज डोन्ट स्टार्ट अन्टिल आय कम'. इथे 'एनी'चा संबंध नाही. आणि पुढचा 'डोन्ट' गेला म्हणून पहिलाही काढू नका, नाहीतर ते लगेच सुरू करतील आणि तुम्ही पोहोचाल तेव्हा थांबतील!

'अनलेस'मध्येही हेच होतं. 'तुम्ही सांगितलं नाहीत तर' म्हणून 'अनलेस यू डोन्ट टेल मी' लिहिलं जातं. एक तर 'अनलेस यू टेल मी', नाहीतर 'इफ यू डोन्ट टेल मी'.

बेरीजवजा
मग मराठीत 'गेल्याशिवाय राहणार नाही' म्हणजे जाणारच. वजा वजा अधिक! माझं गणित इथे चाललं की नाही?

पिंपळपान
इथे चाललं, मान्य. इंग्रजीतही 'नॉट अनकॉमन' म्हणतात, तिथे दोन नकार मुद्दाम घातलेले असतात. चूक आणि मुद्दाम यातला फरक 'एनी' घालून कळतो. 'नो टाइम'चं 'एनी टाइम' केल्यावर तुम्हाला म्हणायचं तेच राहिलं, तर दुसरा नकार फुकटचा होता. 'नॉट अनकॉमन'मधून 'अन' काढा, अर्थ उलटा होतो. म्हणजे तो कामाचा आहे.

सरळमार्ग
'नॉट अनकॉमन' लिहिणारी माणसं मला तरी आवडत नाहीत. 'कॉमन' म्हणा ना सरळ.

पिंपळपान
'कॉमन' म्हणजे नेहमीचं. 'नॉट अनकॉमन' म्हणजे अधूनमधून दिसणारं. एक कसं?

उशीरलतीफ
पाठवलं :
'सॉरी, आय डोन्ट हॅव एनी टाइम टुडे. नोबडी टोल्ड मी एनिथिंग. प्लीज डोन्ट स्टार्ट अन्टिल आय कम.'
तो माणूस काही बोलला नाही. दुसऱ्याच एकीने विचारलं, आज वेळ नाही म्हणतोस, मग तू येणार कधी? आम्ही किती वेळ थांबायचं?

निवांतक्षण
म्हणूनच म्हटलं होतं, तीन कामं कागदावर.

अर्धीओळ
एक राहिलं. 'आय कान्ट नॉट गो' हे मुद्दाममधलं की चुकीतलं? 'न जाऊन चालणार नाही' असं म्हणायचंय.

खडूफळा
मुद्दाममधलं. 'नॉट'वर जोर देऊन बोललं की छान कळतं. कागदावर जोर दिसत नाही, मी तर 'आय हॅव टु गो' लिहीन.

पिंपळपान
मी नाही बदलणार. 'हॅव टु गो'मध्ये ती नाइलाजाची कुरकुर उतरत नाही.