मदत हवी आहे: गणिताच्या पेपरात एका प्रश्नावर अडकल्यावर विद्यार्थिनीचा पुढचा सगळा पेपर बिघडतो

ओळंबा (धागाकर्ती)

नमस्कार. मी माध्यमिक वर्गांना गणित शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीविषयी मार्गदर्शन हवे आहे. वर्गात ती फळ्यावर उदाहरण सोडवून इतरांना समजावून सांगते, घरचा अभ्यासही नीट असतो, पण परीक्षेत मात्र तिचे गुण निम्म्यावर येतात. नेमके कुठे बिघडते हे कळावे म्हणून एका सराव पेपरात मी तिला प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला समासात घड्याळातील वेळ लिहायला सांगितली. पेपर ६० गुणांचा आणि १२० मिनिटांचा होता.

पहिले काही प्रश्न व्यवस्थित गेले. मग ४ गुणांचा एक प्रश्न आला: आयताची लांबी रुंदीपेक्षा ५ ने जास्त आहे, क्षेत्रफळ ८४ आहे, तर परिमिती काढा. तिने समीकरण लिहिले ते असे: x² + 5x + 84 = 0. त्यावरून विवेचक 25 − 336 = −311 आला, म्हणजे वास्तव मुळेच नाहीत. तिने तोच विवेचक पुन्हा काढला, खोडला, पुन्हा काढला. या एका प्रश्नावर तिची ३१ मिनिटे गेली. त्याहून वाईट म्हणजे नंतरचे प्रश्न, जे तिला एरवी सहज येतात, तेही तिने घाईत चुकवले. "आकडे दिसत होते, पण वाचले जात नव्हते," असे तिने मला सांगितले.

प्रश्न कधी सोडून द्यायचा हे तिने कसे ओळखावे? सोडल्यानंतरही मन तिथेच घुटमळत राहिले तर काय करावे? आणि वेळ लावून केलेला सराव वाढवणे योग्य ठरेल का?

करकटक

आपल्या विद्यार्थिनीचा वर्गसमीकरणांचा पाया कच्चा आहे, असे मला स्पष्ट दिसते. उजव्या बाजूची संख्या डावीकडे आणताना चिन्ह बदलते, ही प्राथमिक गोष्ट आहे. अवयव पाडण्याची भरपूर उदाहरणे करून घ्यावीत, म्हणजे भीती आपोआप जाईल.

ओळंबा

आभारी आहे, परंतु हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर दिला तेव्हा तिने x(x + 5) = 84 वरून x² + 5x − 84 = 0, पुढे (x + 12)(x − 7) = 0, रुंदी ७, लांबी १२ आणि परिमिती ३८ असे न अडखळता सोडवले. त्यामुळे तिला हा घटक येत नाही असे मला म्हणवत नाही.

सुटसुटीत

माझ्या अनुभवात चार गोष्टी पुरेशा होतात. १२० मिनिटांत ६० गुण, म्हणजे एका गुणाला २ मिनिटे, हे मनावर ठसवावे. सोपे प्रश्न आधी सोडवावेत. रोज स्टॉपवॉच लावून सराव घ्यावा, कारण वेळेच्या दडपणाची सवय दडपणानेच होते. आणि भीती वाटली की पाच-सहा वेळा जोरात दीर्घ श्वास घ्यावा.

मध्यगा

मी बरीच वर्षे गणित शिकवले असून परीक्षेत गोठून जाणाऱ्या मुलांबरोबर विशेष काम केले आहे. सुटसुटीत यांच्या सल्ल्याची दिशा बरोबर आहे, पण तपशिलात तीन ठिकाणी तो या मुलीला अडचणीत आणू शकेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या ३१ मिनिटांत काय झाले ते पाहू. गणित करताना आपण काही गोष्टी थोडा वेळ डोक्यात धरून ठेवतो: कोणती राशी x मानली, कोणते चिन्ह पुढे न्यायचे आहे, विचारले काय आहे. ही जागा फार मर्यादित असते आणि काळजीचे विचार तीच जागा व्यापतात. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते, की आकडे लक्षात ठेवून हातच्याची बेरीज करायची वेळ आली की गणिताची धास्ती असलेल्यांची अडचण विशेष वाढते. म्हणून वर्गात येणारे उदाहरण परीक्षेत येईनासे होते, आणि त्याचा अर्थ पाया कच्चा आहे असा लगेच काढू नये.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तिने विवेचक पुन्हा पुन्हा काढला आणि तो प्रत्येक वेळी बरोबरच होता, कारण चूक त्या ओळीत नव्हतीच. घाबरलेले लक्ष जिथे धक्का बसला त्या शेवटच्या ओळीलाच चिकटते आणि वरच्या ओळीकडे जातच नाही. अशा वेळी "शांतपणे विचार कर" हे सांगणे निरुपयोगी असते. थांबण्याची खूण आधीच ठरलेली असावी लागते, म्हणजे ऐन वेळी निर्णय घ्यावा लागत नाही. मी मुलांना दोन खुणा देतो: तीच ओळ दुसऱ्यांदा खोडली, किंवा प्रश्न तिसऱ्यांदा वाचूनही कागदावर नवी ओळ उमटली नाही, की प्रश्न सोडायचा. दोन्ही खुणा कागदावर दिसतात, त्यासाठी घड्याळ लागत नाही.

पण सोडताना रिकाम्या हाताने उठायचे नाही. समासात पेन्सिलीने एक ओळ लिहायची: कुठवर आले आणि परतल्यावर आधी काय करायचे. या प्रश्नात ती ओळ "विवेचक ऋण आला, समीकरणाची मांडणी पाहायची" अशी झाली असती. अर्धवट राहिलेले काम मनात डोकावत राहते, पण ते पुढे कसे न्यायचे हे लिहून ठेवले की त्याची टोचणी कमी होते, हा माझा अनेक मुलांबाबतचा अनुभव आहे. परत आल्यावर खालच्या ओळी हाताने झाकून प्रश्नापासून वाचायला सुरुवात करावी, नाहीतर नजर पुन्हा −311 वरच जाते.

आता वेळेविषयी. गुणाला २ मिनिटे दिली तर परत यायला एक मिनिटही उरत नाही. त्याऐवजी ५ मिनिटे वाचनाला द्यावीत आणि गुणाला दीड मिनिट धरावे. म्हणजे २० गुणांचे काम ३५व्या मिनिटाला, ४० गुणांचे ६५व्या आणि ६० गुणांचे ९५व्या मिनिटाला संपते, आणि २५ मिनिटे सोडलेल्या प्रश्नांसाठी व तपासणीसाठी राहतात. ४ गुणांच्या प्रश्नाला अशा हिशेबाने ६ मिनिटे मिळतात.

श्वासाबाबत सावध राहावे. लागोपाठ जोरात श्वास घेतल्याने काहींना उलट गरगरते आणि घाबरगुंडी वाढते. पेन खाली ठेवून दोन-तीन श्वास असे घ्यावेत, की सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब असेल. तेवढे पुरते.

स्टॉपवॉचचा सराव मी सगळ्यात शेवटी आणतो. नवा घटक शिकताना घड्याळ लावले, तर त्या घटकाशी घाईच जोडली जाते. घटक बिनचूक येऊ लागल्यावर आधी अर्ध्या तासाचा लहान पेपर, मग पूर्ण पेपर, आणि त्यात एखादा अडकवणारा प्रश्न मुद्दाम घालावा, म्हणजे सोडण्याचाही सराव होतो.

पानवेल

मी शिक्षिका नाही. नोकरीत बढतीसाठीच्या परीक्षेत अंकगणिताचा पेपर देताना माझी हीच अवस्था झाली होती, आणि माझ्या बाबतीत घड्याळच खरे कारण होते. प्रत्येक प्रश्नानंतर किती वेळ उरला ते पाहायचे, मनात वजाबाकी करायची आणि त्या वजाबाकीनेच घाबरायचे. पुढच्या वेळी मी घड्याळ काढून पालथे ठेवले आणि पेपर बराच बरा गेला. त्यामुळे समासात वेळ लिहायला लावणे या मुलीला त्रासदायक ठरत असेल, असे मला वाटते.

मध्यगा

आपला मुद्दा रास्त आहे. समासातील वेळ ही शिक्षकाला निदान करण्यासाठी एकदा-दोनदा ठीक, खऱ्या परीक्षेत ती नको. मात्र घड्याळ पूर्ण झाकले तर काही मुले ३१ मिनिटे कुठे गेली हे कळायच्या आतच पेपर संपवतात. म्हणून ३५, ६५ आणि ९५ हे तीनच थांबे मी ठेवतो. पेपर सुरू होताच त्या घड्याळातील वेळा कच्च्या कामाच्या पानावर लिहाव्यात, उदाहरणार्थ ११ वाजता सुरुवात असेल तर ११.३५, १२.०५ आणि १२.३५. मग वजाबाकी करावी लागत नाही, नुसती तुलना पुरते.

सुटसुटीत

गुणाला दीड मिनिटाचा हिशेब मला पटला. सरावाबाबत मात्र माझे मत कायम आहे. घड्याळाशिवाय फार काळ राहिलेली मुले हळू सोडवण्यातच रमतात, हे मी पाहिले आहे. आणखी एक विचारतो: पेपरआधी मनातील भीती कागदावर लिहून काढली तर गुण वाढतात, असे वाचले होते. ते खरे आहे का?

मध्यगा

तो प्रयोग जेरार्डो रामिरेझ आणि सीअन बाइलॉक यांचा, २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला. परीक्षेआधी १० मिनिटे आपल्या काळजीविषयी लिहिलेल्या विद्यार्थ्यांची, विशेषतः परीक्षेची फार धास्ती असलेल्यांची, कामगिरी सुधारली होती. मात्र नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा परिणाम प्रत्येक वेळी आढळलेला नाही. मी मुलांना आधी सराव पेपराच्या वेळी करून पाहायला सांगतो. काहींना मोकळे वाटते, काही त्या लिखाणातच अधिक गुंततात, आणि कोणाचे काय होईल हे मला आधी सांगता येत नाही.

ओळंबा

सर्वांचे मनापासून आभार. या सूचनांनुसार एक सराव पेपर घेतला. अडकवणारा प्रश्न मुद्दाम घातला होता. तिने तीच ओळ दुसऱ्यांदा खोडल्यावर समासात टीप लिहिली, पुढे गेली आणि शेवटी परत येऊन चूक शोधली. पुढचे प्रश्न यावेळी बिघडले नाहीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटले.

परंतु एक नवी अडचण दिसते आहे. भूमितीचे दोन प्रश्न तिने जवळजवळ न वाचताच सोडले, आणि विचारल्यावर "खूण आली होती" असे म्हणाली. सोडण्याची मुभा ही पळवाट होऊ लागली आहे का?

मध्यगा

त्या दोन प्रश्नांच्या समासातील टिपा पाहा. तिथे "आकृती काढली, दोन कोन समान मिळाले, पुढे समरूपता पाहायची" असे काही असेल तर ते सोडणे योग्य होते. टीप नसेल किंवा नुसते "अवघड" लिहिले असेल, तर खूण आलीच नव्हती, कारण दोन्ही खुणा काही काम झाल्यावरच येतात. अशा मुलांसाठी मी एक अट घालतो: आकृती काढून दिलेली मापे त्यावर लिहिल्याशिवाय भूमितीचा प्रश्न सोडायचा नाही. बहुतेकदा मापे लिहितानाच पहिली पायरी सुचते.

पानवेल

आणि त्यानंतरही सुचली नाही तर? मला भूमितीत आकृती काढूनही तासभर काहीच सुचत नसे.

मध्यगा

तर तो घटकच नीट समजलेला नाही, असे समजून वर्गात परत जावे लागते. तिथे करकटक यांचा सल्ला लागू पडतो. ओळंबा, ते दोन प्रश्न तिला घड्याळ न लावता, एकटीला बसवून द्या आणि काय होते ते इथे कळवा.

ओळंबा

या आठवड्यात देते. तिच्या टिपा आत्ताच पाहिल्या: एका प्रश्नाजवळ "स्पर्शिका आणि त्रिज्या लंब, पुढे पायथागोरस" असे लिहिले आहे, दुसऱ्याजवळ काहीच नाही.