पांढरा डाग म्हणजे अल्सरच का?

> बाबांच्या एंडोस्कोपीच्या फोटोत जठराच्या खालच्या भागात पांढरा डाग आणि भोवती लाली आहे. हा अल्सर की नुसती सूज?

आधी शेजारचे फोटो बघा. फेस किंवा चिकट स्राव असेल तर पाणी मारल्यावर निघून जातो. डाग तिथेच राहिला, कडेला पायरीसारखी सावली दिसली, तर तो खड्डा, म्हणजे अल्सर. नुसत्या सुजेत लाली पसरलेली असते, पण अस्तर तुटलेलं नसतं. पॉलिप उलट वर आलेला असतो.

पांढरा तळ पाहून घाबरू नका. तो फायब्रिनचा, म्हणजे जखमेवर जमणाऱ्या प्रथिनाचा थर असतो. काळा ठिपका किंवा उघडी रक्तवाहिनी नसेल तर पुन्हा रक्तस्रावाचा धोका कमी. खरी मेख कडेत आहे. गुळगुळीत कड आणि तिथपर्यंत निमुळत्या होत आलेल्या अस्तराच्या घड्या सहसा साध्या अल्सरच्या. कड उंच, वेडीवाकडी आणि घड्या मध्येच जाड होऊन थांबलेल्या असतील तर कर्करोगाची शंका घ्यावी.

माझ्या आईचा अल्सर फोटोत अगदी 'गोंडस' होता. तरी डॉक्टरांनी कडेचे अनेक तुकडे बायोप्सीला पाठवले आणि आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली, कारण जठरातला कर्करोगही कधीकधी असाच साधा दिसतो. बाबांच्या रिपोर्टमध्ये बायोप्सी घेतल्याचं लिहिलंय का?