गॅदरिंगचा एकच नाच, पहिली ते सातवीची सगळी मुलं: गाणं आणि भाव कसा ठरवलात? अनुभव सांगा

धागा काढणारी (शिक्षिका, सत्तरी तालुका)

आमची शाळा लहान आहे. पहिली ते सातवी मिळून २४ मुलं. डिसेंबरात स्नेहसंमेलन आहे आणि पालकांचं म्हणणं असं की एक तरी नाच असा हवा, ज्यात प्रत्येक मूल दिसेल. सगळ्यांत लहान मुलगी सहा वर्षांची आहे, सातवीतली पाच मुलं माझ्या खांद्याच्या वर गेली आहेत. डोळ्यांसमोर तीन गाणी आहेत: एक पोवाड्याच्या ढंगाचं, एक फुगडीचं आणि एक आमच्याच शाळेतल्या सरांनी काजूच्या हंगामावर रचलेलं. स्टेप्स मी बसवीन. मला हवंय ते गाणं निवडतानाचं शहाणपण. कोणत्या गाण्यावर लहान-मोठी एकत्र चालली, कोणत्यावर नाही, आणि का, तेवढं लिहा.

फोंड्याहून, निवृत्त बाई

बाई, गाणी कानाने निवडू नका, लहानांच्या पायाने निवडा. मी नेहमी असं करायचे. मुलांना काहीही न सांगता गाणं लावायचं आणि वर्गातल्या सर्वांत लहान दोघांना ठेक्यावर नुसतं चालायला सांगायचं. मिनिटभर ती न धावता, न अडखळता चालली तर गाणं पुढच्या फेरीत. मोठ्यांची परीक्षा घ्यायची गरज नसते, त्यांना कुठलीही लय जमते.

आकडा हवा असेल तर पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. माझ्या अनुभवात मिनिटाला १०० ते ११५ ठोक्यांत सहा वर्षांचं मूल आनंदाने पाऊल टाकतं. १४० च्या वर गेलं की पाऊल पडत नाही, उडी पडते, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत मूल शेजाऱ्याचे पाय बघत उभं राहतं. ठेका आठाचा असावा. सात मात्रांच्या गाण्यात लहानांचं पहिलं पाऊल दर फेरीला चुकतं, ते शिकवण्यात महिना जातो.

दुसरी परीक्षा भावाची. गाणं एकदा ऐकवून लहानग्याला विचारा, गाण्यात काय चाललंय? "पाऊस पडतोय", "मासे पकडतायत" असं उत्तर आलं तर त्याच्या चेहऱ्यावर भाव आपोआप येतो. "माहीत नाही" म्हणालं तर तुम्ही शिकवलेला चेहरा ते स्टेजवर विसरणार. पोवाड्याचं इथेच अडतं. सातवीतला मुलगा छाती काढून उभा राहिला की शोभतो. पहिलीतली मुलगी तेच करते तेव्हा लोक कौतुकाने हसतात, आणि आपण काही चुकलो असं समजून ती गोंधळते.

म्हापशाचा पालक

माझ्या मते एवढा विचार नको. लहान मुलं आहेत ना, मग हळू गाणं घ्या. हळू गाण्यात कोणी चुकत नाही, चुकलं तरी सावरायला वेळ मिळतो.

घुमटवादक, डिचोली

दादा, अर्धं बरोबर आहे. मोठ्यांना वेळ मिळतो. लहानांचं उलट होतं. सत्तर-पंचाहत्तर ठोक्यांवर एका पायावर वजन धरून दुसऱ्या ठोक्याची वाट बघावी लागते आणि सहा वर्षांच्या मुलाला तो तोल नसतो. ते ठोक्याच्या आधीच पाय टेकतं. म्हणून हळू गाण्यात लहानांची रांग पुढे पळते. हळू लय घ्यायचीच असेल तर लहानांना बसवून हाताच्या हालचाली द्या, पाय मोकळे ठेवू नका.

फुगडीबद्दल. आपल्या फुगडीची मजा लय वाढण्यात आहे आणि एकत्र गटात धोकाही तिथेच आहे. जोडीची फुगडी दोघींनी मागे रेलून, एकमेकींच्या वजनावर घ्यायची असते. वजन सारखं नसेल तर हलकी मुलगी भिरकावली जाते. पहिलीतलीला सातवीतलीबरोबर जोडीला कधीच लावू नका. गोल फुगडी चालेल, हात धरून, आणि लय सुरुवातीला १०० असेल तर शेवटी १२५ च्या पुढे जाऊ द्यायची नाही. रेकॉर्ड लावलं तर हे आपल्या हातात राहत नाही, वाजवणारा समोर असला तर राहतं. मी वाजवतो तेव्हा माझी नजर सगळ्यांत लहान मुलावर असते. त्याने खाली बघायला सुरुवात केली की मी चढायचं थांबतो.

पेडण्याची आजी

धालो का नाही घेत? पौषात आमच्या मांडावर सत्तर वर्षांची बाई आणि दहा वर्षांची पोर एका ओळीत असतात. समोरासमोर दोन ओळी, कमरेत हात, पुढे यायचं, मागे जायचं. कोणाला शिकवावं लागत नाही, कारण सगळ्या धरून असतात. चुकणारीला बाजूच्या दोघी घेऊन जातात. अभिनयही करावा लागत नाही. इतक्या वयांना एकत्र धरणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

फोंड्याहून, निवृत्त बाई

आजी, कमरेत हात घालून धरण्याची गोष्ट मनापासून पटली, तेवढी कुठल्याही नाचात घ्यावी. पण मांडावर सगळ्या खेळणाऱ्या असतात, समोर बघणारे बसलेले नसतात. स्टेजवर तीन मिनिटं पुढे-मागे चालू राहिलं की मागच्या खुर्च्यांतून मुलांचे चेहरेच दिसत नाहीत. सुरुवातीची दोन कडवी धालोची आणि मग दुसरं काही, असं मी पाहिलंय, ते सुंदर झालं होतं.

पेडण्याची आजी

मांडाची गाणी मांड सोडून, पौष सोडून म्हणावीत का, यावर आमच्याच वाड्यावर दोन मतं आहेत. मला वाटतं मुलांच्या तोंडी गेली तर टिकतील. माझी जाऊबाई हे ऐकून घेत नाही. शिवाय तुमच्याकडे मुलगे आहेत, त्यांना ओळीत घ्यायचं की नाही हे गावात विचारूनच ठरवा.

वास्कोचा पालक

माझ्या मुलाला गेल्या वर्षी झाड केलं होतं. पूर्ण नाचभर फांद्या धरून उभा. तो घरी येऊन काही बोलला नाही, पण यंदा नाचात नाव द्यायला तयार नाही. त्याला एकट्याला कुठलं गाणं द्यावं? आवाज बरा आहे.

धागा काढणारी

दादा, एकट्याच्या गाण्याचं मला इथे सांगता येणार नाही, पण तुमच्या मुलाची गोष्ट वहीत लिहून ठेवली. आमच्या नाचात झाड नसेल.

मडगावची नृत्यशिक्षिका

उलट बाजूही बघा. लहानांना झेपणारं म्हणून ससा-मांजराचं गाणं घेतलं की सातवीतली मुलं मान खाली घालून नाचतात आणि शेवटच्या आठवड्यात आजारी पडतात. प्रेमाची सिनेमातली गाणी मी दोन्ही वयांसाठी बाद करते. मला दरवेळी तारून नेतं ते कामाचं गाणं. कामात प्रत्येक वयाला खरोखरीचा वाटा असतो. रापण घ्या: दोन टोकांना मोठी मुलं दोर ओढतात, ओढताना जोर एका ठोक्यावर येतो, दोन्ही ओळी हळूहळू जवळ येतात, आणि मध्ये लहानगी मासे गोळा करतात. लहानाला लहान असण्याचंच काम मिळतं. पण सत्तरीच्या मुलांनी रापण पाहिली नसेल तर ते दोर खोटा ओढतील. म्हणून तुमच्या सरांचं काजूचं गाणं मला सगळ्यांत योग्य वाटतंय. मोठे काठीने बोंडू पाडतात, लहान वेचतात, मधली मुलं बी पिरगाळून वेगळी करतात. हे तुमच्या मुलांच्या हातात आहे.

म्हापशाचा पालक

काजू म्हटलं की पुढे हुर्राक आणि फेणी आलीच. शाळेच्या स्टेजवर?

मडगावची नृत्यशिक्षिका

गाणं बोंडू वेचण्यावर आणि बियांवर थांबवता येतं. कुंडीत बोंडू तुडवण्याची चाल पायांना फार छान आहे, मला ती सोडवत नाही, आणि तुडवून निघतो तो नुसता रसच असतो. पण पालकांची हरकत येऊ शकते, हे खरं. मुख्याध्यापकांशी आधी बोला.

धागा काढणारी

आज चालून बघितलं. सरांचं गाणं पंधरा सेकंदांत २६ ठोके, म्हणजे १०४. पहिलीतल्या दोघी पूर्ण मिनिट चालल्या. "काय चाललंय?" विचारल्यावर एक म्हणाली, "आजी बोंडू काढते." फुगडीचं गाणं शेवटी १५० च्या वर गेलं, तिथे त्या धावल्या. पोवाडा बाजूला ठेवला. आता गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं आहे, ध्रुवपद चार वेळा आणि तीन कडवी. कसं वाटू?

फोंड्याहून, निवृत्त बाई

१०४ च्या लयीत ३:४० म्हणजे आठ-आठ ठोक्यांचे सुमारे ४८ गट. कागदावर ४८ चौकोन काढा. सुरुवातीचे ४ सगळ्यांच्या प्रवेशाला. ध्रुवपदाचे चार-चार, एकूण १६, सगळी २४ मुलं आणि चारही वेळा तीच स्टेप. मुलं घाबरली तरी इथे परत जुळतात. कडव्यांना सहा-सहा: पहिलं पहिली-दुसरीचं, दुसरं तिसरी-चौथीचं, तिसरं पाचवी ते सातवीचं. लहानांचं कडवं पहिलंच ठेवा, उशीर झाला की ती पेंगतात. मधल्या संगीताचे तीन-तीन जागा बदलायला आणि शेवटचा एक नमस्काराला. लहानांनी प्रत्येक ठोक्यावर एक पाऊल टाकायचं, मोठ्यांनी तिसऱ्या कडव्यात दुगण करायची. गाणं तेच राहतं, मोठ्यांना त्यांच्या तोडीचं काम मिळतं.

बाकीच्यांच्या कडव्यात मुलं नुसती उभी ठेवू नका. कमरेत हात घालून जागच्या जागी डोलू द्या, आजींचं धालो इथे येऊ दे.

धागा काढणारी

सातवीतले दोघं म्हणतात, नाचणार नाही. गाणं आवडलंय, पण नाच नको.

घुमटवादक, डिचोली

त्यांना घुमट आणि कांसाळं द्या, स्टेजच्या कडेला, लहानांच्या ओळीसमोर बसवा. महिनाभरात आठाचा साधा ठेका बसतो. रविवारी सकाळी येऊ शकतो, शाळेचं दार उघडं ठेवायला सांगा. एक लक्षात ठेवा, डिसेंबरात संध्याकाळी उघड्या मैदानावर दव पडतं, घुमटाचं कातडं सैल होऊन आवाज बसतो. नाचाच्या आधी अर्धा तास घुमट आडोशाला, उबेत ठेवायचा. आणि रेकॉर्ड तयार असू दे, मुलांचा हात थांबला तर नाच थांबायला नको.

म्हापशाचा पालक

रेकॉर्ड आणि घुमट एकत्र वाजले तर लय फाटणार नाही का?

घुमटवादक, डिचोली

फाटते. म्हणून दोन्ही एकत्र नाही. घुमट थांबला तरच रेकॉर्ड, आणि तेही ध्रुवपदापासून. बटण कोण दाबणार हे मात्र आधी ठरवा.